कुकरच्या दोन रिंगा

आपल्या घरातील वरणाला मटणाचा वास येतो, असे मी एका सोमवारी सकाळी जेवताना म्हणालो, तेव्हा मेघनाने हातातली चपाती ताटात ठेवली आणि अत्यंत शांतपणे सांगितले, "वास वरणाला नाही, तुझ्या मनाला येतोय." लग्नाला त्या वेळी चार वर्षे झाली होती. एवढ्या काळात आमच्या स्वयंपाकघरात पुष्कळ तह झाले होते, पण मनाला वास येण्याचा आरोप प्रथमच होत होता.

मी सातारकडचा. आमच्या घरी अंड्याची गणना सरळ मांसाहारात होत असे. मेघना मालवणची. तिच्या माहेरी भाजी ही प्रामुख्याने 1 जून ते 31 जुलै या काळात, म्हणजे मासेमारी बंद असताना, नाइलाजाने खाण्याची वस्तू होती. माहीमच्या आमच्या वन बीएचकेमधील स्वयंपाकघर असे आहे, की दोघांची तोंडे एकाच दिशेला असतील तरच दोघांना तेथे उभे राहता येते. त्यामुळे तात्त्विक मतभेदांना जागाच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही तिच्यासाठी वेगळा तवा, वेगळी कढई, एक पातेले, एक सुरी आणि एक पाट घेतला व ही मंडळी खालच्या फळीवर राहतील असे ठरवले.

तवा वेगळा असणे गरजेचे होतेच, कारण लोखंडी तव्यावर तेलाचा जो थर वर्षानुवर्षे बसतो तोच त्या तव्याचा प्राण असतो, आणि त्या प्राणात एकदा बांगडा शिरला, की पुढची सहा धिरडी बांगड्याच्या आठवणीत निघतात. स्टीलचे तसे नसते. ते घासले की सारे विसरते. तरीही गोंधळ नको म्हणून कढई व पातेले घेऊन मी भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे गेलो. काय घालायचे, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "मासे." त्याने मान न उचलता विचारले, "हे आडनाव झालं. नाव?" शेवटी दोन्ही भांड्यांवर नुसतेच "मासे" असे कोरले गेले, आणि ती भांडी आजही एखाद्या मासे आडनावाच्या कुटुंबाने आम्हाला आहेर म्हणून दिल्यासारखी दिसतात.

कुकर मात्र सामाईक राहिला. तो स्टीलचा होता, महाग होता आणि दोन कुकर ठेवण्यास ओट्याखाली जागा नव्हती. रविवारी त्यात मटण शिजे, रात्री तो घासला जाई आणि सोमवारी त्यात वरण-भाताचे डबे लागत. म्हणजे संशयाची सुई आपोआपच कुकरकडे वळायला हवी होती, परंतु मी आधी घासणीवर घसरलो. दोन घासण्या आल्या. वास गेला नाही. मग डाळ बदलली. मग कुकरमध्ये पाणी आणि लिंबाच्या साली घालून ते उकळले, चिंचेने तो घासला आणि इतका चकचकीत केला, की त्यात मला माझे त्रासिक तोंड दिसू लागले. सोमवारचे वरण होते तसेच राहिले.

तेव्हा मी पद्धतशीरपणे तपास करायचे ठरवले. पहिल्या सोमवारी वरण कुकरऐवजी उघड्या पातेल्यात शिजवले. त्याला पाऊण तास लागला, मला ऑफिसला उशीर झाला, पण वास नव्हता. म्हणजे डाळ निर्दोष होती. दुसऱ्या सोमवारी डाळीऐवजी एका वाटीत नुसते पाणी ठेवून कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या आणि ते पाणी हुंगले. त्याला मटणाचा मंद, पण निःसंशय वास होता. मेघनाने "नुसतं पाणी शिजवणारा पहिलाच माणूस बघितला" असे म्हटले खरे, पण वाटी नाकापर्यंत नेल्यावर तीही गप्प झाली. मग मी झाकणातून रबरी रिंग काढली, झाकण वेगळे हुंगले, रिंग वेगळी हुंगली, आणि चोर सापडला. तिसऱ्या सोमवारी दादरहून आणलेली कोरी रिंग बसवली आणि चार महिन्यांनी प्रथमच वरणाला वरणाचा वास आला.

कारण अगदी साधे आहे. रबर हे स्टीलसारखे नसते. गरम झाले, की ते चरबी आणि तिच्यातील वासाचे पदार्थ आत ओढून घेते, आणि ते घासणीच्या आवाक्याबाहेर जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ लागली, की रबर तोच वास परत सोडते, वाफ झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते नेमके उघड्या डब्यातील वरणात पडतात. रिंग सोड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात ठेवली तर वास कमी होतो, डब्यावर ताटली झाकली तर आणखी कमी होतो, पण पुरता जात नाही. मटणाला एक रिंग आणि वरणाला दुसरी, हाच खरा उपाय. मेघनाने तो तत्काळ मान्य केला आणि मनाला वास येण्याचे विधान मागे घेतले. विधान मागे घेताना तिने चहाही केला, म्हणून मी ते प्रकरण वाढवले नाही.

अडचण पुढेच होती. दोन्ही रिंगा एकाच मापाच्या व एकाच रंगाच्या. दोन खिळ्यांवर त्या वेगवेगळ्या टांगल्या, तर भांडी घासणाऱ्या ताईंनी तिसऱ्याच दिवशी नीटनेटकेपणाच्या हौसेने दोन्ही एका खिळ्यावर अडकवल्या. पेनाने केलेली खूण धुतली गेली. खाच पाडावी तर वाफ बाजूने सुटणार. त्यामुळे कित्येक आठवडे मी दर सोमवारी सकाळी आंघोळ करून, दोन हातांत दोन रिंगा घेऊन, डोळे मिटून आळीपाळीने नाकाला लावत उभा असे. बाहेरून पाहणाऱ्यास हा प्राणायामाचा एखादा प्रकार वाटला असता. अखेर मटणाची रिंग "मासे" यांच्या पातेल्यातच मुक्कामाला ठेवण्याची युक्ती निघाली.

या विजयानंतर मी थोडा चढून गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. एका रविवारी मेघनाने सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "हिला हिंगाचा वास येतोय," ती म्हणाली. माझ्याकडून नकळत निघून गेले, "वास सोलकढीला नाही, तुझ्या मनाला..." वाक्य पुरे होण्याआधीच तिने मिक्सरच्या भांड्याचे झाकण आणून माझ्या नाकाखाली धरले. त्या झाकणालाही रबरी रिंग असते. आदल्या दिवशी मी मेतकूट दळले होते, आणि हिंग जपून घालणे हे माझ्या घराण्यात कधीच नव्हते. नारळाचे दूध स्निग्ध असल्यामुळे कोणताही वास लगेच उचलते, हे तिने मला माझ्याच पूर्वीच्या व्याख्यानाच्या सुरात समजावून सांगितले. आपल्या पदार्थाला दुसऱ्याच्या जेवणाचा वास लागणे ही शाकाहारी माणसाची खास तक्रार आहे, असे मी तोपर्यंत गृहीत धरत आलो होतो. तिसरी रिंग मी मुकाट्याने घेऊन आलो.

आमचा रविवार आता बराच सुरळीत चालतो, आणि त्याचे श्रेय मालवणी वाटणाला आहे. भाजलेला कांदा, भाजलेले खोबरे आणि मसाला यांचे जे वाटण कोंबडीला लागते, तेच काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यालाही चालते, आणि वडे तर दोघांनाही लागतात. म्हणून शनिवारी रात्री वाटाणे भिजत पडतात. ते विसरले, तर रविवारी कितीही शिट्ट्या केल्या तरी ते छर्ऱ्यांसारखेच राहतात आणि मला वडे लोणच्याशी खावे लागतात. सकाळी एकदाच वाटण होते आणि कोणताही डाव बुडण्यापूर्वी ते दोन वाडग्यांत विभागले जाते. आधी माझ्या रिंगेने वाटाणे शिजतात, मग रिंग बदलून गावठी कोंबडी. तेल एकच, पण त्यात आधी वडे तळायचे. मेघनाला मासे तळायचे असतील तर त्यातले थोडे उरलेले तेल "मासे" यांच्या कढईत जाते आणि पुन्हा वर येत नाही. माशाची भांडी ती आधी गार पाण्याने धुते, कारण गरम पाण्याने त्यांना चिकटलेले प्रथिन शिजून आणखी घट्ट बसते. मग त्यांना आमसुलाचे पाणी लावते, कारण माशाचा उग्रपणा आंबटाने मरतो.

सर्वांत अवघड गोष्ट होती ती चव पाहण्याची. स्वयंपाक करणारा माणूस विचार करून चव बघत नाही. हात आपोआप जातो. कोंबडीच्या रश्शातून निघालेला चमचा त्याच झोकात वाटाण्यांकडे निघाला आणि वाटेतच थबकला, असे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हापासून चव तळहातावर घ्यायची, चमचा भांड्याबाहेर जायचा नाही, असा नियम झाला. मेघनाच्या आजीचीही म्हणे हीच पद्धत होती.

गेल्या पावसाळ्यात माझे आई-बाबा राहायला आले. श्रावण लागायला आठवडा होता, मेघना स्वतः श्रावण पाळत असल्याने तिची उरलेली यादी उरकण्याची घाई चालली होती, आणि आईपुढे हे सगळे कसे निभवायचे या विचाराने मी सोमवारी सकाळी खबरदारी म्हणून रिंग नाकाला लावून पाहत होतो. आईने ते दारातून पाहिले. मेघनाने तिला न लपवता सारा इतिहास सांगितला: वरण, पाण्याची वाटी, तीन रिंगा. आई निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ऐकत राहिली.

"रबर कधी खोटं बोलत नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांच्या ऑफिसच्या डब्याच्या झाकणालाही रिंग होती. डबा घासून आणायचे ते घरी, पण रिंग काढून कोण धुणार? दर बुधवारी सुरमई असायची. अठ्ठावीस वर्षं मी काही बोलले नाही."

हॉलमध्ये बाबांनी वर्तमानपत्र थोडे आणखी उंच धरले.

"सुरमई नाही," थोड्या वेळाने पानांमागून आवाज आला, "हलवा."