शनिवारी उचललं तर सोमवारपर्यंत आत? चोवीस तासांचा खरा हिशेब

«शनिवारी संध्याकाळी उचललं तर सोमवारपर्यंत काही करता येत नाही. कोर्टाला सुट्टी, आणि सुट्टी चोवीस तासांत धरत नाहीत. डायरीत अटक लिहितील तेव्हापासूनच तास सुरू. नवीन कायद्यात पोलिसांना ९० दिवस कस्टडी मिळते. पहिल्या दिवशी कोर्टात आपण काही बोलायचं नसतं, जज फक्त सही करतो, वकील नंतर बघा. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरतो. मूळ नियम असा की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. आधी सुट्टीचं बघू, कारण या मेसेजमुळे सर्वात जास्त नुकसान तिथंच होतं. घरचे सोमवारची वाट बघत बसतात.

राज्यघटनेच्या कलम २२(२) मध्ये आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ५७) चोवीस तासांतून एकच गोष्ट वजा होते, ती म्हणजे अटकेच्या ठिकाणापासून न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंतच्या प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ. रविवार, दिवाळी, दुसरा-चौथा शनिवार, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त, यातलं काहीही तिथं लिहिलेलं नाही. म्हणूनच सुट्टीच्या दिवसांसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. रविवारीही रिमांडचं, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरवायचं, काम चालतं, आणि वेळ संपत आली असेल तर आरोपीला रात्री न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानीही हजर करतात. हद्दीची अडचणही सांगता येत नाही, कारण गुन्हा त्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हद्दीतला असो वा नसो, जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करता येतं. पंढरपूरला पकडलेल्या माणसाला सोलापुरात आणायचं असेल तर साधारण सत्तर किलोमीटरच्या रस्त्याचे दीड-दोन तास वजा होतील. वाटेत मोहोळला जेवायला थांबलो, गाडीचं टायर बदललं, अशी सबब त्यात बसवायला तपासी अंमलदाराला बरंच स्पष्टीकरण द्यावं लागेल.

आता तास कधीपासून मोजायचे. इथं मेसेजमध्ये चूक आहेच, शिवाय ठाण्यातली नेहमीची सवय पुढं रेटलेली आहे. माणसाला «चौकशीला चल» म्हणून आणायचं, बाकावर बसवायचं, फोन काढून घ्यायचा आणि मग रात्री उशिरा अटक फॉर्म भरायचा. कायद्याच्या नजरेत अटक सुरू होते ती माणसाची मोकळीक संपते तेव्हा. फॉर्मवर कोणती वेळ टाकली यावर ते ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच कस्टमच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ईडीचं एक प्रकरण होतं. माणसाचा ताबा सकाळी ११ वाजता घेतला, कागदावर अटक दाखवली मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि कोर्टात आणलं दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता. कागदावरच्या वेळेपासून मोजलं तर चौदा तासही होत नाहीत, ताब्यापासून मोजलं तर अठ्ठावीस. सर्वोच्च न्यायालयानं ताब्यापासून मोजलं, अटक बेकायदेशीर धरली आणि उच्च न्यायालयानं दिलेला जामीन कायम ठेवला.

हाच हिशेब सोलापुरातल्या एका कल्पित उदाहरणावर लावू. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून एका यंत्रमाग कामगाराला शनिवारी दुपारी ४ वाजता दोन साध्या वेशातले पोलीस घेऊन गेले. फोन ठाण्यातच काढून घेतला. अटक फॉर्मवर वेळ आहे रात्री ९.४५. सिव्हिलमध्ये मेडिकल झालं रविवारी सकाळी, आणि सुट्टीच्या कोर्टात हजर केलं रविवारी संध्याकाळी ६ वाजता. फॉर्मप्रमाणे सव्वावीस तास झाले, म्हणजे सगळं व्यवस्थित. दुपारी चारपासून मोजलं तर सव्वीस. शहरातल्या शहरात प्रवासाचा अर्धा तास सोडला तरी मर्यादा दीड तासानं ओलांडली गेली.

आता प्रश्न पुराव्याचा. दुपारी चारपासून तो पोलिसांच्या ताब्यात होता हे कशावरून? कारखान्याच्या गेटवरचं रजिस्टर किंवा पंचिंग, गेटचा कॅमेरा, शेवटचा फोन कॉल, घरच्यांनी ठाण्यात येऊन विचारलं त्या वेळेचे मेसेज. आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्यातलं फुटेज १८ महिने आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपायचं आहे. म्हणून पहिल्या रिमांडलाच लेखी अर्ज द्यायचा: अमुक तारखेचं दुपारी ३.३० ते रात्री १० पर्यंतचं, प्रवेशद्वार आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळच्या कॅमेऱ्यांचं फुटेज राखून ठेवावं. नुसतं «सीसीटीव्ही मागवा» म्हटलं की महिनाभरानं «कॅमेरा बंद होता» असं उत्तर येतं. वेळ आणि जागा नेमकी लिहिली की तसं उत्तर देणं अवघड जातं.

मात्र प्रत्येक चौकशी म्हणजे अटक नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावू शकतात. माणूस आला, जबाब दिला, उठून घरी जाता आलं, तर चोवीस तासांचा प्रश्नच नाही. कसोटी साधी आहे. तो उठून दारापर्यंत गेला असता तर कोणी अडवलं असतं का?

चोवीस तास उलटले की केस संपते, असंही काही जण त्याच मेसेजखाली लिहितात. तसं नाही. ताबा बेकायदेशीर ठरतो, सुटका किंवा जामीन मिळू शकतो, पण गुन्हा, तपास आणि पुढचं आरोपपत्र चालूच राहतं. हा आक्षेप पहिल्या रिमांडला घेतला नाही आणि कोर्टानं रीतसर कोठडीचा आदेश दिला, तर पुढं तो रेटणं जड जातं. कोर्टाच्या रोजनाम्यात तो नोंदवून घेणं म्हणूनच महत्त्वाचं.

९० दिवसांची भीती आली आहे ती कलम १८७ अर्धवट वाचून. त्यात दोन वेगळ्या मुदती आहेत. एक एकूण कोठडीची: मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. त्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला तो मिळण्याचा हक्क आहे. दुसरी मुदत पोलीस कोठडीची, म्हणजे पीसीआरची. ती एकूण १५ दिवसांचीच आहे आणि जुन्या कायद्यातही तेवढीच होती. उरलेले दिवस न्यायालयीन कोठडी, एमसीआर, म्हणजे जेल.

बदललंय ते असं की १ जुलै २०२४ पूर्वी ते पंधरा दिवस पहिल्या रिमांडपासूनच्या पंधरा दिवसांतच वापरावे लागत. आता ते तुकड्यांत मागता येतात, ६० दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या ४० दिवसांत आणि ९० दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत. घरफोडीत पाच दिवस पीसीआर झाला, मग माणूस जेलमध्ये गेला, विसाव्या दिवशी चोरीचा माल घेणारा सापडला म्हणून पोलीस पुन्हा चार दिवस मागू शकतात. हा बदल आरोपीच्या दृष्टीनं वाईटच आहे, त्यात गुळमुळीत बोलण्यासारखं काही नाही. पण बेरीज पंधराच्या पुढं जात नाही, आणि दर वेळी आरोपीला प्रत्यक्ष कोर्टासमोर उभं करावं लागतं. व्हिडिओवरून फक्त एमसीआर वाढवता येतो, पीसीआर नाही. «पुढं पीसीआर लागेल» एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येत नाही, हे कलम ४८० मध्ये लिहिलेलं आहे. मोक्का आणि यूएपीएच्या मुदती वेगळ्या आणि लांब आहेत. हा हिशेब त्यांना लावू नका.

उरला सहीचा मुद्दा. सही होते हे खरं, घाईत होते हेही खरं. पण पीसीआर देताना न्यायदंडाधिकाऱ्यांना कारणं लिहावी लागतात, आणि ती कारणं पोलिसांनी कोठडी मागताना दिलेल्या रिमांड रिपोर्टमधून येतात. त्यामुळं बोलायचं ते त्या कागदावर बोट ठेवून. «गुन्ह्यात वापरलेली मोटारसायकल हस्तगत करणे आहे» असं लिहिलंय आणि गाडी तर पंचनाम्यात आदल्या दिवशीच जप्त दाखवली आहे, तर हे कारण उरत नाही. «साथीदारांचा शोध घेणे आहे» असं तिसऱ्या रिमांडलाही जसंच्या तसं आलं, तर मधल्या दिवसांत काय केलं ते केस डायरीत बघावं, अशी विनंती करता येते. सात दिवसांच्या मागणीवर दोन दिवस मिळणं नेहमीचं आहे, आणि फरक असल्याच युक्तिवादानं पडतो.

आरोपीनं स्वतः बोलायची वेळ येते ती «पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?» या प्रश्नाला. पोलीस शेजारी उभे असतात, «नाही» तोंडातून निघून जातं आणि ते तसंच रोजनाम्यात उतरतं. मारहाण झाली असेल तर तिथंच सांगायचं, खुणा दाखवायच्या आणि पुन्हा मेडिकल मागायचं.

याच टप्प्यावर अटकेच्या कारणांचा कागदही तपासायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, ठरवून दिलं की अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, कागद रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडला पाहिजे. सोलापुरात याला वेगळं वजन आहे. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बाईला किंवा अक्कलकोटकडच्या फक्त कन्नड वाचणाऱ्या माणसाला मराठी कागदावर सही करायला लावली, तर «कारणं दिली» असं म्हणता येईल का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा. कागदावर दिल्याची वेळ आहे का तेही बघा. नसेल तर दोन तास मोजणार कुठून?

वकील नंतर नाही, आधी. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून रिमांडसाठी वकील नेमले जातात, हेल्पलाइन १५१०० आहे. घरच्यांनी वकिलाला द्यायच्या गोष्टी चारच: कुठून नेलं, किती वाजता, कोणी पाहिलं, आणि कोणत्या ठाण्यात. गुन्हा खरा की खोटा, ही चर्चा त्या संध्याकाळी राहू दे.