पाहुण्यांचा परिचय कसा लांबवावा

चर्चासत्रात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी एक गोष्ट मनात पक्की करा. श्रोते तुम्हाला ऐकायला आलेले आहेत. पाहुणे हे निमित्त.

समजा, कॉलेज रत्नागिरीकडचं आहे, विषय 'हापूसमधला साका' आणि बोलणार आहेत फळांवर संशोधन करणाऱ्या एक बाई. समोर एस.वाय. बी.एस्सी.ची मुलं, बऱ्याच जणांच्या घरी कलमं. बाहेरून पिवळाधमक, एक डाग नाही, आणि कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर बाबांचा चेहराही पाहिलेला असतो. त्यामुळे बाईंबद्दल त्यांना एवढंच हवं असतं, की ह्यांना साक्यातलं आमच्यापेक्षा जास्त काय कळतं आणि ते कुठून कळलं? ही उत्सुकता पहिल्या मिनिटातच मारली पाहिजे.

त्यासाठी बायोडेटा आहेच. बाईंनी तो कुठल्याशा निवड समितीसाठी तयार केलेला असतो आणि तुम्ही मागितला म्हणून तोच पाठवलेला असतो. चार पानं. एक शब्दही गाळू नका. जन्मगाव, शाळा, दहावीचे टक्के, सुवर्णपदक, शोधनिबंधांची शीर्षकं, समित्यांची सदस्यत्वं. साक्यावरचं काम तिसऱ्या पानाच्या तळाशी, प्रकल्पांच्या यादीत कुठेतरी दडलेलं असेल. तिथे आवाज जराही बदलू नका, नाहीतर मागच्या बाकावरचा एखादा मान वर करायचा. पानाला तीनशे शब्द आणि मिनिटाला एकशेवीस, असा हिशेब धरला तर दहा मिनिटं सहज निघतात. व्याख्यानाला चाळीस दिलेली असतात, त्यातलीच ही.

'ज्यांना परिचयाची गरज नाही' हे वाक्य मात्र सुरुवातीलाच टाका. आडनावाचा उच्चार आधी विचारू नका, व्यासपीठावर दोनदा अडखळण्यात आदर दिसतो. बाई आता कुठल्या पदावर आहेत हेही विचारू नका, बायोडेटा जुना असला तर त्या स्वतः उठून दुरुस्ती करतील.

वेळ उरलाच तर रात्री मोबाइलवर वाचलेलं सगळं सांगून टाका. तापलेल्या जमिनीची धग फळाला बाधते, म्हणून कलमाखाली पाल्याचं आच्छादन करावं, आंबा झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आण्यांना काढावा, वगैरे. बाई तेच सांगायला आलेल्या असतात, त्यांचे कष्ट वाचतात.

आता सावध करण्यासाठी एक वाईट उदाहरण. अशाच एका कार्यक्रमात एका मुलीने आदल्या दिवशी पाहुण्यांना चक्क फोन केला. नाव नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या मुलांना तुमचं कुठलं काम जवळचं वाटेल?" दुसऱ्या दिवशी ती एवढंच बोलली:

"आंबा चांगला दिसतो आणि कापल्यावर साका निघतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी होतं. आजच्या पाहुण्या अनेक हंगाम बागांमधून फिरल्या आहेत. आंबे कापून, कुठल्या कलमाचा आंबा बिघडला याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आहेत. त्या स्वतः बागायतदाराच्या घरच्या आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. मग आपल्या बागांत अजून हापूसच का? हे त्यांनाच विचारू या." आणि मग नाव. सगळ्यात शेवटी! टाळ्या थेट बाईंनाच पडल्या.

सुवर्णपदक गेलं, परदेशातल्या परिषदा गेल्या, पीएचडीचं वर्षसुद्धा गेलं. जन्मगाव गाळलं आणि बागायतदाराचं घर तेवढं ठेवलं, का तर म्हणे त्याने मुलांचा विश्वास बसतो. मी तिला नंतर विचारलं, की बाईंची पहिली नोकरी अर्ध्यात सुटली होती ही एवढी चांगली गोष्ट का सोडली? तर म्हणाली, "सर, विषय 'संशोधनातलं करिअर' असता तर तीच पहिली सांगितली असती. साक्याला तिचा काय उपयोग?" म्हणजे विषय बदलला की हिचा परिचयही बदलणार. आमचा छापील परिचय कुठल्याही विषयाला चालतो.

सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. हारवाला मुलगा अजून दारातच होता. पुढे व्हायचं तेच झालं. मुलांनी 'रत्ना'वरून असे प्रश्न लावून धरले, की काहींची एसटी चुकली आणि अध्यक्षीय भाषण राहूनच गेलं. अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं. त्या मुलीला यंदा रांगोळी समितीत घेतलं आहे.