शुभेच्छांचे मेल बंद करा, कढईबद्दल लिहा

नाशिकच्या छोट्या दुकानदारांची वेबसाइट, बिलिंग, मेल ही कामं मी करतो. हल्ली बऱ्याच जणांना वाटतं, गिऱ्हाइकांना महिन्यातून एक मेल जायला हवा. विचार चांगला आहे. पण पहिला मेल जातो तो "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!" आणि दुसरा "मासिक वार्तापत्र, अंक २". त्या दिवशी बँक, विमा कंपनी आणि सोसायटीचा सेक्रेटरी सगळेच शुभेच्छा पाठवत असतात. त्या ढिगात तुमचा मेल कोण उघडणार? माझं स्पष्ट मत आहे की लहान धंद्याने सणाच्या शुभेच्छांचा मेल पाठवूच नये.

मग लिहायचं काय? भांडी बाजारातल्या एका मित्राचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, त्याचंच उदाहरण देतो. बिल करताना ज्यांनी स्वतःहून "मेल पाठवा" म्हटलं, असे सहाशेच्या आसपास पत्ते त्याच्याकडे आहेत. निम्मे नाशिकचे, बाकीचे पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेले. तो म्हणाला, "अरे, भांड्यांवर बारा महिने काय लिहिणार? विषय दोन महिन्यांत संपतील."

त्याला म्हटलं, गल्ल्याशेजारी एक वही ठेव आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिही. तू सुधारून लिहू नकोस. महिनाभरात वही अशी भरली: "बाटली आठ दिवसांत काळी पडली, तांबं खोटं आहे का?" "बाटलीत लिंबूपाणी भरलं तर चालतं का?" "पितळी डब्यात लोणचं राहील का?" "कल्हई गेली हे कळतं कसं?" "वाणाला स्वस्तात काय देता येईल?" "भांड्यावर नाव घालून कधी मिळेल?"

झाले की विषय! एकेका प्रश्नाचा एकेक मेल. आता फक्त प्रश्न कुठल्या महिन्यात बसतो ते पाहायचं. लोणच्याच्या डब्याचा प्रश्न कैऱ्या बाजारात यायच्या आधी, लिंबूपाण्याचा मार्च-एप्रिलमध्ये, समई-निरांजन घासण्याचा गणपतीच्या आधी. आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. मेल सणाच्या दिवशी पोचून उपयोग नसतो, खरेदीचा विचार सुरू होतो तेव्हा पोचावा लागतो. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास असते, पण पन्नास वाट्यांवर नाव घालून हवं असेल तर दुकानदाराला दिवस लागतात. म्हणजे वाणाचा मेल डिसेंबरच्या मध्याला गेला पाहिजे.

दिवाळीचा मेल आम्ही कसा केला ते नीट सांगतो. वहीतला प्रश्न होता कल्हईचा. फराळाला पितळी कढई माळ्यावरून खाली येते, तेव्हा बायका आत डोकावून बघतात आणि मग कल्हईवाल्याकडे एकदम गर्दी होते. म्हणून मेल दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत पाठवायचा ठरला. त्याने आधी मेल लिहायला घेतला, मी थांबवलं. आधी विषयाची ओळ लिही. ती जमत नसेल तर मेलमध्ये सांगण्यासारखं काही नाही असं समज.

त्याची पहिली ओळ होती: "दिवाळीनिमित्त आमच्या दुकानातर्फे कल्हई सेवेबाबत महत्त्वाची माहिती". फोनवर साधारण पहिले तीन-चार शब्द दिसतात, पुढे ठिपके. म्हणजे वाचणाऱ्याला दिसणार "दिवाळीनिमित्त आमच्या दुकानातर्फे…". कल्हई गायब! दुसरी ओळ: "तुमची कढई विषारी तर नाही ना?" ही उघडली जाईल, पण आत तेवढं भयंकर काही नाही, आणि एकदा फसलेला माणूस पुढच्या महिन्याचा मेल न बघता उडवतो. तिसरी ओळ ठेवली: "फराळाच्या कढईची कल्हई तपासली?" चारच शब्द, काम कुठलं ते कळतं, आणि उत्तर आत आहे.

विषयाच्या खाली किंवा पुढे फिकट अक्षरात आणखी एक ओळ दिसते. मेल पाठवायच्या सेवांमध्ये ती लिहायला वेगळा रकाना असतो, पण तो रिकामा सोडला की तिथे "मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा" असलं काहीतरी झळकतं. आम्ही तिथे लिहिलं: "तळाला पिवळं दिसू लागलं की समजा गेली." आणि पाठवणाऱ्याच्या जागी info नको, दुकानाचं नाव हवं. लोक विषयाइतकंच नावही बघतात.

आतला मजकूर मोबाइलवर दोनदा बोट सरकवलं की संपेल एवढाच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. आतून चकचकीत पांढरट दिसतो तोवर ठीक, मधूनच पितळ डोकावलं की कढई कल्हईला द्यायची, आणि तोवर त्यात आंबट काही शिजवायचं नाही. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तळणाचं तेल साधारण १८० अंशांच्या आसपास असतं, त्याने कल्हईला काही होत नाही, पण रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसलात तर कल्हई उतरते. शेवटी एकच वाक्य: कढई कधीपर्यंत आणून दिली तर वसुबारसेच्या आत परत मिळेल. भाव, ऑफर, फोटोंची माळ काही नाही. व्हॉट्सअॅपवरचं पोस्टर तसंच मेलमध्ये डकवायची तर अजिबात घाई करू नका. चित्र उघडलं नाही तर मेल कोरा दिसतो.

पाठवायचंही सांगतो, कारण सगळे आधी इथे अडखळतात. साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करून पाठवू नका. दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, आणि "मला नको" म्हणणाऱ्याला बाहेर पडायला दार नसल्यामुळे तो सरळ स्पॅमचं बटण दाबतो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या, मेल पाठवायची सेवा वापरा, आणि मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या SPF, DKIM आणि DMARC या नोंदी वेबसाइटवाल्याकडून डोमेनला लावून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता "किती जणांनी उघडला" हा आकडा. तो पाहून फार हुरळू नका. २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये खाजगीपणाची सोय सुरू असेल, तर माणसाने मेल पाहिलाच नसला तरी तो उघडला असं मोजलं जाऊ शकतं. शिवाय दोन विषय-ओळी तीनशे-तीनशे जणांना पाठवून तुलना केलीत, तर दहा-पंधरा जणांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. सहाशेच्या यादीत मी फक्त दोन गोष्टी बघतो, उत्तर किती जणांनी लिहिलं आणि "मेल वाचून आलो" म्हणत दुकानात कोण आलं. दुसऱ्यासाठी वहीतच एक रेघ मारायची.

वर्षाचे दहा मेल असे आधी आखता येतात. दोन जागा मात्र मी मोकळ्या ठेवायला लावतो. पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढलं की बाहेरगावचा प्रत्येक नाशिककर फोन करून एकच विचारतो, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? त्या दिवशी "मारुतीच्या गुडघ्याला पाणी, दुकान चालू" अशी ओळ गेली, तर पुण्यात बसलेला माणूस मीटिंगमध्येसुद्धा उघडेल. अर्थात पाणी खरंच गुडघ्याला असेल तरच. दुसरी मोकळी जागा सिंहस्थासाठी ठेवली आहे. गोदेचं पाणी घरी न्यायला झाकणाचा गडू किती आकारांत मिळतो, हे लोक आत्तापासूनच विचारायला लागलेत, आणि वहीत त्याची तीन पानं झालीत.