140 आणि 200 हे आकडे जेवणाचे नाहीत

फिरत असलेला मेसेज असा आहे: «जेवल्यावर बरोबर दोन तासांनी शुगर बघा. 140 च्या आत आली तर डायबेटीस नाही, 200 च्या वर गेली तर पक्का. चहा-बिस्किट खाल्लं काय नि पुरणपोळी खाल्ली काय, शरीर ठणठणीत असेल तर आकडा तोच येतो. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची तपासणी म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा.»

आधी हे आकडे कुठून आले ते बघू. ते एका ठरावीक चाचणीचे आहेत. माणसाने किमान आठ तास काही खाल्लेलं नसतं. उपाशीपोटी रक्त घेतात, मग 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात. त्यानंतर दोन तास एका जागी बसायचं, बिडी नाही, फेरफटका नाही, चहा नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवलेलं असावं लागतं, कारण दोन-तीन दिवस भाकरी-भात तोडलेला माणूस अचानक ग्लुकोज प्यायला की निरोगी असूनही त्याचा आकडा फुगू शकतो. एवढं सगळं पाळल्यावर दोन तासांनी शिरेतून घेतलेल्या रक्तात साखर 140 च्या खाली असेल तर सामान्य, 140 ते 199 म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी आणि 200 किंवा जास्त म्हणजे मधुमेह, असं वाचतात. त्यातही लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

म्हणजे ही माप ठरलेली तपासणी आहे. सगळ्यांना तेवढंच ग्लुकोज, तसंच पातळ, तेवढ्याच वेळात. जेवणाच्या ताटाला असं कुठलंच माप नसतं. धान्य तोलायचं वजन ठरलेलं असतं म्हणून भाव लावता येतो. इथे वजन बदललं आणि भाव मात्र तोच ठेवला, असं झालंय.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. औशाकडच्या किंवा अहमदपूरकडच्या गावातून माणूस सकाळच्या एसटीने लातूरला येतो. उपाशीपोटी रक्त देतो. जेवण घरी, त्यामुळे स्टँडजवळ एक कप चहा आणि चार मारी बिस्किटं खातो आणि दोन तासांनी, कधी गाडी चुकेल म्हणून दीड तासानेच, दुसरं रक्त देऊन मोकळा होतो. रिपोर्टवर छापून येतं ‘जेवणानंतर: 128’. पण जेवण झालंच कुठे? दोन चमचे साखरेचा चहा बारा-तेरा ग्रॅम, चार बिस्किटांचे सोळा-सतरा. सगळे मिळून तीसेक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे चाचणीतल्या मापाच्या निम्म्याहूनही कमी.

एवढ्याशा खाण्याची साखर रक्तात लवकर चढते आणि लवकर उतरते. सर्वांत वरचा बिंदू पाऊण ते एक तासात येऊन जातो आणि दोन तासांनी आकडा पुन्हा उपाशीपोटीच्या जवळ आलेला असतो. स्वादुपिंडाची ताकद निम्मी झालेली असली तरी तीस ग्रॅमचा बोजा ते कसंबसं उचलतं. म्हणून या 128 ला सामान्य म्हणणं चूक आहे. त्या दिवशी शरीराची परीक्षा घेतलीच गेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. लहान खाण्यानंतर साखर जास्त आली तर मात्र ती गांभीर्याने घ्यायची. चहा-बिस्किटावर दोन तासांनी 210 दिसत असेल तर पूर्ण ताटावर काय होत असेल ते उघड आहे.

मोठ्या जेवणाचं गणित याच्या उलट वाटतं, पण ते तितकं सरळ नाही. पोळ्याच्या दिवशीचं ताट घ्या. तीन पुरणपोळ्या, वर तूप, वाटीभर भात, कटाची आमटी, गुळवणी. मोजलं तर कर्बोदकं 200 ग्रॅमच्या आसपास जातात आणि तुपासकट उष्मांक बाराशेच्या वर. लोक म्हणतात, एवढं खाल्लं तर दोन तासांनी साखर वाढलेलीच दिसणार. कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि न दिसणं जास्त फसवं असतं.

जठर अन्न एकदम पुढे ढकलत नाही. त्याचं खालचं दार मिनिटाला साधारण दोन ते तीन उष्मांक एवढंच लहान आतड्यात सोडतं. 75 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे 300 उष्मांक, ते साधारण दोन तासांत रिकामं होतं. चाचणीची वेळ दोन तास असणं म्हणून तिच्या मापाला शोभतं. बाराशे उष्मांकांचं ताट त्याच गतीने रिकामं व्हायला आठेक तास लागतात, आणि तूप-तेल आतड्यात पोचलं की ते जठराला आणखी हळू सोडायला लावतं. दोन तासांनी सुई टोचली तेव्हा निम्म्याहून जास्त पुरणपोळी अजून जठरातच असते. साखर चढणीवर आहे, माथा पुढे आहे आणि आपण चढावरचा आकडा माथ्याचा समजून वाचतो. याउलट कमी तुपाचं पण ढीगभर भात नि जिलेबीचं लग्नातलं जेवण असेल, तर दोन तासांनीच आकडा उंच दिसू शकतो, कारण बोजा ठरलेल्या मापाच्या तिप्पट आणि अडवायला चरबी थोडी. दोन्ही जेवणं मोठीच, पण दोन तासांचा आकडा वेगवेगळ्या दिशेला चुकवतो.

एकाच माणसावर हे मांडून बघू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे जसे पडतात तसेच घेतलेत. वय 52, शेतकरी, कुठलंही औषध नाही, उपाशीपोटी साखर 118. चहा-बिस्किटानंतर दोन तासांनी 128. दुसऱ्या आठवड्यात घरचं जेवण, ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर वरण, वांग्याची भाजी: दोन तासांनी 172. पोळ्याला पुरणपोळीचं ताट: दोन तासांनी 158 आणि तीन तासांनी 205. मेसेजचा नियम लावला तर हाच माणूस एका दिवशी निरोगी, दोन दिवस अधांतरी आणि पोळ्याला तासाभरात अधांतरीतून मधुमेही ठरतो. शिवाय सर्वांत मोठ्या जेवणानंतरचा दोन तासांचा आकडा साध्या जेवणापेक्षा कमी आला, तेही पुरणपोळी ‘सोसली’ म्हणून नव्हे तर ती अजून पोटातच होती म्हणून. मग 75 ग्रॅमची चाचणी केली, 186. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.2. उपाशीपोटीची 118, ही 186 आणि ही 6.2, तिन्ही एकच गोष्ट सांगतात: पूर्वपायरी. माणसाने आता वजन, चालणं आणि ताट याकडे बघायला हवं, औषधाची घाई नाही. जेवणानंतरच्या चार आकड्यांतून हे कळलं नसतं.

‘शरीर ठणठणीत असेल तर आकडा तोच येतो’ या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते लोकांना पटतं. निरोगी स्वादुपिंड जेवण मोठं आलं की इन्सुलिनही जास्त सोडतं, त्यामुळे निरोगी माणसाची साखर रोजच्या जेवणांनंतर बहुतेक वेळा 140 च्या आतच राहते. पण आपण ठणठणीत आहोत का, हेच तर तपासायचं असतं. ज्याचं इन्सुलिन कमी पडायला लागलंय त्याच्यातच ताटाच्या आकाराने आकडा जास्त हलतो, आणि तपासणीची गरज नेमकी त्यालाच असते.

‘लॅबवाल्यांचा धंदा’ या आरोपाबद्दल थोडक्यात. उपाशीपोटीच्या साखरेत ताटाचा प्रश्नच येत नाही. 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेहाचा आकडा. एचबीएवनसीला त्या दिवशी काय खाल्लं याने फरक पडत नाही, 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तिलाही मर्यादा आहे. अंगात लोह कमी असलेल्या बाईची एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते, म्हणून रक्त कमी आहे का हे आधी डॉक्टरांना सांगायचं. आणि खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं अशी लक्षणं असताना कुठल्याही वेळी साखर 200 किंवा जास्त आली, तर काय जेवलात हे विचारायची गरज उरत नाही. तिथे थेट उपचार.

गरोदर बाईचं वेगळं आहे. सरकारी दवाखान्यात तिला जेवलेली असो वा उपाशी, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तासांनी 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. तिथेही 140 हा ग्लुकोजचा आकडा आहे, जेवणाचा नाही. ग्लुकोज पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करायची असते.

जेवणानंतरची तपासणी टाकाऊ आहे, असं यातलं काहीच सांगत नाही. ज्यांना मधुमेह आहे आणि औषध चालू आहे त्यांच्यासाठी ती फार कामाची आहे. त्यांनी 140 शी तुलना करायची नाही. बहुतेकांसाठी लक्ष्य 180 च्या आत असतं, आणि वय, इतर आजार बघून डॉक्टर ते बदलतात. अशा माणसाने तपासणीच्या दिवशी नेहमीचंच जेवावं आणि नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन फक्त चहा-बिस्किटावर बसलं तर साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. गोळी चुकवून भरपेट जेवलं तर आकडा वर दिसतो आणि डोस उगाच वाढतो.

दोन तपासण्यांची एकमेकींशी तुलना करायची असेल तर ताट दोन्ही वेळी एकच ठेवा. साठेक ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं. दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कमी तेलाची भाजी असं ताट 75 ग्रॅमच्या जवळ जातं. मराठवाड्यातल्या मोठ्या थापलेल्या भाकरीला पीठ 90 ग्रॅमपर्यंत लागतं, तेव्हा एकदा पीठ तोलून बघा. शहरात येणार असाल तर हेच फडक्यात बांधून आणा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत जेवण उरकायचं. घरच्या ग्लुकोमीटरवर बघत असाल तर आधी साबणाने हात धुवा, बोटाला गूळ लागलेला असेल तर तोच मोजला जातो. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा थोडी जास्तच असते, म्हणून घरचा आकडा घरच्याशी आणि लॅबचा लॅबशी लावायचा.

आणि लॅबच्या चिठ्ठीवर पेनाने लिहा: पहिला घास 10.20, दीड भाकरी, वाटीभर वरण, वांग्याची भाजी, गोळी घेतली, रक्त 12.20.