दार एक, पत्ते दोन

आमच्या गेममधल्या काकांना पहाटे चार वाजता नळावर पाणी भरायला जायचं असतं. गेम एवढाच. गिरगावातली चाळ, खोलीचं दार, बाहेर गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. नकाशा माझ्या भाच्याने टाइल्ड नावाच्या नकाशा काढायच्या प्रोग्राममध्ये काढला होता, १६ पिक्सेलच्या टाइल्स जोडून. तो गेममध्ये आणायचं काम माझं.

भिंती आणि फरशी टाइल लेअरमध्ये. काका सुरुवातीला कुठे उभे राहणार, दार कुठे, कुठे पाय पडला की खोली बदलायची तो ट्रिगर, हे सगळं ऑब्जेक्ट लेअरमध्ये. फाइल उघडली की `objects` नावाची यादी दिसते आणि प्रत्येक वस्तूला नाव, `x`, `y`, रुंदी, उंची दिलेली असते. वाचायचं आणि ठेवायचं. रविवारी जेवणानंतर अर्ध्या तासाचं काम, असं मी घरात जाहीर केलं. आई नुसतं "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

गेम चालू केला तर भिंती जागच्या जागी, आणि दार जमिनीखाली! खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छतातून लोंबत होतं. आई चहा ठेवता ठेवता डोकावली. "कुठल्या कंत्राटदाराला दिलंस रे हे काम?"

दार बरोबर ३२ पिक्सेल खाली गेलं होतं, म्हणजे स्वतःच्याच उंचीइतकं. म्हटलं, सोपं आहे. लेअरमधल्या प्रत्येक वस्तूच्या `y` मधून ३२ वजा करून टाकू. दार वर आलं, मी चहाचा घोट घेतला. पण आता काका दाराशी जाऊन नुसतेच उभे. दाराला लावलेला ट्रिगर ३२ पिक्सेल वर, त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला होता. साठीतले काका उडी मारल्याशिवाय घरात जाईनात.

शेवटी दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या:

```
"name": "door_14", "gid": 45,
"x": 80, "y": 160, "width": 16, "height": 32

"name": "trigger_14",
"x": 80, "y": 128, "width": 16, "height": 32
```

पडद्यावर दोन्ही चौकोन एकमेकांवर तंतोतंत बसलेले, उंचीही सारखी, आणि `y` मात्र वेगळा. कारण दार हे टाइलचं चित्र उचलून ठेवलेलं ऑब्जेक्ट. साध्या चौकोनी नकाशात अशा ऑब्जेक्टचा पत्ता डाव्या खालच्या कोपऱ्यापासून लिहिला जातो, आणि हाताने आखलेल्या आयताचा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून. (टाइलसेटमध्ये ऑब्जेक्ट अलाइनमेंट कुणी बदलली नसेल, तर.) म्हणजे एकाच खोलीचा पत्ता एकाने जिन्याकडून सांगायचा आणि दुसऱ्याने नळाकडून. ओळखायची खूण म्हणजे `gid`, त्या टाइलचा क्रमांक. ते असेल तरच उंची वजा करायची:

```js
const top = o.gid ? o.y - o.height : o.y;
```

एक ओळ. तोवर दिवेलागण झाली होती.

भाच्याने मग उत्साहाने त्याच्या घरच्या लॅपटॉपवरून नवा नकाशा पाठवला आणि चाळीतली सगळी दारं गायब झाली. त्याच्याकडे टाइल्डची १.९ आवृत्ती. माझा कोड दार ओळखायचा ते ऑब्जेक्टच्या `type` वरून. त्या आवृत्तीत `type` चं नाव `class` झालं होतं, आणि १.१० मध्ये ते पुन्हा `type` झालं. एल्फिन्स्टनचं प्रभादेवी करून परत एल्फिन्स्टन करावं, तसं. मी `o.type || o.class` लिहून दोन्ही पाट्या मान्य केल्या.

खरी गंमत पुढेच. काका दारातून बाहेर पडले की पडदा लुकलुकायला लागायचा. खोली, गॅलरी, खोली, गॅलरी. दारातून आलेले काका जिथे उगवतात तो गॅलरीतला स्पॉन पॉइंट भाच्याने अगदी उंबऱ्यावर ठेवला होता, म्हणजे परतीच्या ट्रिगरच्या पोटात. काका बाहेर उगवले रे उगवले की ट्रिगर त्यांना आत ओढायचा, आणि आतलाही पॉइंट तसाच. दादरला उतरणाऱ्याला चढणारी गर्दी परत डब्यात नेते ना, तेच, फक्त सेकंदाला साठ वेळा.

"मामा, पॉइंट एक टाइल पुढे सरकवू?" भाच्याने विचारलं.

तेवढ्याने भागलं असतं, पण पुढचा नकाशाही हाच काढणार! म्हणून ट्रिगरलाच शिस्त लावली: काका आधी बाहेर होते आणि आत्ता आत आले, तरच दार उघडायचं. दारातून उगवलेल्या काकांना 'आधीच आत' असं धरायचं आणि ते चौकोनातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत गप्प बसायचं.

रात्री साडेअकराला काका पहिल्यांदा गॅलरीत आले आणि तिथेच थांबले. नळापर्यंत चालतही गेले. मी आईला हाक मारली.

तिने चष्मा लावून नीट पाहिलं. "आणि बादली रे?"

बादली खोलीतच राहिली होती. शिवाय ती हवेत तरंगत होती, कारण बादलीचे १६ पिक्सेल मी दुपारीच, तिच्यापुरते, हाताने वजा करून ठेवले होते.