सही-शिक्क्यावर विसंबू नका: खातेबदलाच्या पत्राबद्दल

«खातं बदललं एवढंच सांगायचं तर इतका घोळ कशाला? लेटरहेडवर नवा नंबर, सही-शिक्का, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की काम झालं. तुमच्या पद्धतीनं गिऱ्हाईक बिचकतं आणि पेमेंट अडकतं.» — एक वाचक, सियागंज, इंदूर

नमस्कार. खातेबदल कळवताना गिऱ्हाइकाला फोनवर खातरजमा करायला सांगावं, असं मी म्हणतो, त्यावर तुमचा हा आक्षेप. पेमेंट अडकण्याची तुमची काळजी खरी आहे, त्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सही-शिक्का तुमच्या जुन्या बिलावर असतोच. ज्याच्या हाती ते बिल लागलं, तो अर्ध्या तासात तुमच्यासारखंच पत्र बनवतो, फक्त खातं त्याचं असतं. म्हणून पत्राचा खरेपणा पत्राबाहेर तपासता आला पाहिजे.

सांवेर रोडवरच्या पॅकिंग मटेरियलच्या एका कारखान्याचं उदाहरण घ्या. कॅश क्रेडिट दुसऱ्या बँकेत गेलं, म्हणून खातं बदलायचं. देवासच्या गिऱ्हाइकाकडून ४,८५,००० रुपये येणं आहे. पत्रात मी असं लिहीन: «१ ऑक्टोबरपासून आमचं खातं बदलत आहे. खात्यावरचं नाव तेच राहील. पैसे पाठवण्याआधी आमच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करून नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे जुळवून घ्या. तोवर जुन्या खात्यात भरलेत तरी चालेल, ते ३१ डिसेंबरपर्यंत सुरू आहे. खातरजमेत दिवस गेले तर व्याज लावणार नाही.»

गिऱ्हाईक निर्धास्त होतं ते शेवटच्या दोन वाक्यांमुळे. ठकाला ती लिहिणं परवडत नाही. जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, आजच भरा, हीच त्याची भाषा असते. तुमचं पेमेंटही अडकत नाही, कारण जुना रस्ता उघडा आहे.

फोन गिऱ्हाइकानंच करायचा, तोही जुन्या बिलावरच्या नंबरवर. पत्रावरचा नंबर ठकाचाही असू शकतो. मेलवर विचारण्यात अर्थ नाही, कारण मेलबॉक्स फुटला असेल तर उत्तरही ठकच देईल.

आता नावाबद्दल. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात. पत्रात नाव तुमचं आणि आकडे दुसऱ्याचे असले तरी पैसे त्या दुसऱ्याकडेच जातात. म्हणून रिझर्व्ह बँकेनं बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत सोय करायला सांगितलं की, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसावं. नेट बँकिंगवर ते जरूर बघायला सांगा. पण मिळत्याजुळत्या नावाचं खातं कुणीही उघडू शकतो, तेव्हा नाव जुळलं तरी फोन टाळू नये. मोठ्या रकमेआधी एक रुपया पाठवून, तो आला का हेही त्याच फोनवर विचारावं.

तुमच्या बाजूनं मुनीमजींपासून पोराठोरांपर्यंत, फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला ते चार आकडे माहीत हवेत. «साहेब आल्यावर विचारून सांगतो» असं उत्तर मिळालं की गिऱ्हाईक खरोखरच बिचकतं.

आणि चुकीच्या खात्यात पैसे गेलेच, तर गिऱ्हाइकाला आधी त्याच्या स्वतःच्या बँकेला आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायला सांगा. पैसे पुढे काढले जाण्याआधी खातं गोठवलं गेलं तरच काही हाती लागतं.