न्हाणीतली ती हिरवी जाळी

गेल्या मार्चमध्ये कवठेमहांकाळकडे मामेबहिणीच्या घरी दोन दिवस राहिले. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. ती रोज शेडवर जात होती. सकाळी आंघोळीला गेले तर न्हाणीत खुंटीला नायलॉनची एक हिरवी जाळी टांगलेली. ती जाळी घरातल्या तिघी वापरतात, हे नंतर कळलं. 41 वर्षांची बहीण, तिची 17 वर्षांची लेक आणि 70 च्या पुढच्या सासूबाई. तिघींची एकच तक्रार होती: कातडी खरखरीत झालीय, काळवंडलीय, तेज म्हणून राहिलं नाही. आणि तिघींचा एकच उपाय होता, अजून जोरात घासायचं.

सांगलीत 19 वर्षं माझं मेडिकल आहे. रोज कुणीतरी काउंटरवर हात पुढं करून विचारतं, "ह्यावर काय लावू?" मी आधी विचारते, "घासता कशानं?" बहुतेक वेळा निम्मं उत्तर तिथंच मिळतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आपल्या मनात पक्कं बसलंय की निस्तेज, खडबडीत कातडी म्हणजे साचलेला मळ. तसं नसतं. कातडीच्या सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो रोज आपोआप, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक झडत असतो. तरुण वयात खालची नवी पेशी वर येऊन झडायला साधारण 4 आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे असतात. ते तोडण्याचं काम कातडीतलीच काही द्रव्यं करतात आणि त्यांना त्यासाठी ओलावा लागतो. कातडी कोरडी पडली की दुवे तुटत नाहीत. पेशी सुट्या झडायच्या ऐवजी पापुद्र्यांनी चिकटून राहतात, हाताला खरखर लागते, आणि अशा उंचसखल पृष्ठभागावरून उजेड नीट परतत नाही म्हणून रंग राखेसारखा दिसतो. म्हणजे खोट ओलाव्याची आहे, आणि आपण दोष मळाला देतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. हातावर पाणी लावा. ओलं असेपर्यंत जो पांढुरका, राखाडी रंग नाहीसा होतो तो कोरडेपणाचा. ओल्या कातडीवरही जो तपकिरी डाग तसाच राहतो तो आतल्या रंगद्रव्याचा. तो कुठल्याच घासणीनं निघत नाही, कारण तो वर नाहीच.

बहिणीच्या दंडावर आणि नडगीवर असेच डाग होते. नीट पाहिलं तर वाळूवर वाऱ्यानं उठाव्यात तशा बारीक लाटा. मिरजेच्या स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "जाळी वापरता का?" वर्षानुवर्षं हाडाजवळच्या कातडीवर जोरात घासलं की असा काळेपणा येतो. त्याचंच पुढचं रूप म्हणजे मॅक्युलर अमायलॉइडोसिस. घासल्यामुळं वरच्या थरातलं रंगद्रव्य खालच्या थरात उतरतं आणि एकदा तिथं गेलं की सहजासहजी परत फिरत नाही. बहिणीला हे पटायला वेळ लागला. काळं दिसतं म्हणून ती घासत होती, आणि घासत होती म्हणून ते काळं होत होतं. दहा-बारा वर्षं हे असंच चाललेलं.

मनगटापासून कोपरापर्यंतचा खरखरीतपणा मात्र वेगळ्या कारणाचा होता, तो शेडवरचा. बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. मण्यावरचं मेणाचं आवरण मोडून पाणी लवकर निघून जावं, म्हणून ते असतं. मण्याचं होतं तेच हाताचंही होतं. हे द्रावण अल्कलीचं, त्यात उघडे हात रोज. कातडीतला तेलकट अंश निघून जातो आणि आतलं पाणी उडून जातं. त्यावर घरी आलं की बोअरचं जड पाणी, कडकडीत तापवलेलं, आणि कपड्याच्या वडीनं अंघोळ. आपली कातडी किंचित आम्ल असते, साडेचार ते साडेपाचच्या आसपास पीएच. साधा साबण नऊ-दहाचा. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची जी चिकट साय होते, ती धुऊन जात नाही, अंगावरच बसते. ती हाताला लागते म्हणून माणूस पुन्हा घासतो. घासताना ज्या काळ्या वळकट्या निघतात, त्या बघून समाधान वाटतं की मळ निघाला. त्यात बराचसा भाग या साबणाच्या सायीचा आणि ओढून काढलेल्या पेशींचा असतो.

मग काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी जाळी खुंटीवरून काढली. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग मळ कसा निघायचा?" मी म्हटलं, "मावशी, तळहातानं. तळहात पुरतो." साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच, बाकी अंगावर नुसतं कोमट पाणी. साबणही बदलला. मेडिकलमध्ये सौम्य, 'सोप-फ्री' म्हणून वड्या मिळतात, त्या घ्याव्यात. महाग वाटल्या तरी एवढ्याच भागाला लावल्यानं खूप दिवस पुरतात. शेडवर बहिणीनं हातमोजे घालायला सुरुवात केली. आत पातळ सुती, वर रबरी, कारण नुसत्या रबरात घाम साचून कातडी आणखी बिघडते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: अंघोळ झाली की अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. कोरड्या झालेल्या अंगावर लावलेलं क्रीम निम्मं वाया जातं, कारण आत कोंडायला पाणीच शिल्लक नसतं. हात-पायांना 10 टक्के युरियाचं क्रीम दिलं. युरिया म्हटल्यावर बहिणीला शेतातल्या पोत्याची आठवण झाली. पदार्थ तोच, पण औषधासाठी शुद्ध केलेला. तो पाणी धरून ठेवतो आणि चिकटलेले पापुद्रे सैल करतो. चिरा पडलेल्या जागी तो झोंबतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस चिरांवर नुसतं पेट्रोलियम जेली लावायला सांगितलं. ज्यांना क्रीम परवडत नाही त्यांनी ओलसर अंगावर खोबरेल लावावं. ते खरंच काम करतं. फक्त मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर नको.

लेकीचा प्रश्न निराळा होता. तिच्या दंडांवर मागच्या बाजूनं पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखे बारीक खडे. केसांच्या मुळाशी केराटिनचे खडे बसल्यानं ते होतं. अनेकदा घराण्यात असतं आणि वयात येताना वाढतं. मळाशी त्याचा काही संबंध नाही. तिनं घासून घासून ते लाल केले होते आणि काहींवर काळे ठिपके उरले होते. तिला रात्री लॅक्टिक ॲसिडचं लोशन, आधी एक दिवसाआड, आग झाली नाही तर रोज. महिना-दीड महिन्यात खडे मऊ पडतात. लावणं थांबवलं की पुन्हा येतात. हे मी तिला सुरुवातीलाच सांगून टाकलं, कारण "गेले नाहीत" म्हणून पोरी पुन्हा जाळी हातात घेतात.

सासूबाईंची कातडी कागदासारखी पातळ झालीय. त्या वयात तेल कमी सुटतं, खरखर वाटणं साहजिकच असतं. त्यांना ॲसिड-बिसिड काही नको. कोमट पाणी आणि दोन वेळा तेल, एवढंच. जाळीनं त्यांच्या नडगीवर एक ओरखडा झाला होता, तो बरा व्हायला तीन आठवडे लागले.

चेहऱ्याबद्दल बहीण म्हणाली, "ताई, ती ट्यूब दे की, शेडवरच्या सगळ्याजणी लावतात." ती ट्यूब मी ओळखते. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र असलेलं मलम. काही दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून तोंडी प्रसिद्धी जोरात. काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरमं आणि केस येतात, आणि थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. 2018 साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास विकली जातात, आणि हे विकणारे माझ्याच धंद्यातले लोक आहेत. याचा मला फार राग येतो. मी बहिणीला ती दिली नाही. त्याऐवजी सनस्क्रीन दिलं: एसपीएफ 30, दोन बोटांच्या लांबीएवढं चेहरा आणि मानेला, बाहेर असेल तर दर दोन तासांनी पुन्हा, वरून स्कार्फ. चिमूटभर सनस्क्रीन लावून "काही फरक नाही" म्हणणारे खूप भेटतात. लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्याही भेटतात. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी चक्क भाजते आणि महिनोन्महिने काळी राहते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही क्रीमच्या हातातली नव्हती. बहिणीची मान मागून जाड, मखमली आणि काळी झाली होती. काखेतही तसंच. ती मानेला जाळीनं सगळ्यात जास्त घासायची. अशी मखमली काळी मान म्हणजे बऱ्याचदा शरीर इन्शुलिनला दाद देईना झाल्याची खूण असते. मी तिला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला लावली. एचबीए1सी 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिच्या आईला मधुमेह होता, तरी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता ती रोज 40 मिनिटं चालते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं खाणं बदललंय. मान उजळली तर त्यानंच उजळेल.

परवा ती गणपतीला आली होती. सहा महिने झाले. हात पहिल्या तीन आठवड्यांतच मऊ पडले होते, ते तसेच आहेत. चेहऱ्याचा राखाडी रंग दोनेक महिन्यांत गेला. दंडावरच्या लाटा अर्ध्याअधिक फिक्या झाल्यात, नडगीवरच्या अजून दिसतात. त्या पूर्ण जातील असं डॉक्टर म्हणालेले नाहीत आणि मीही म्हणत नाही. मान थोडी मऊ लागते, रंग तोच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा साखर तपासायचीय.